गोडाऊनमध्ये चाळीस, विकायला आठ

मार्चचा पहिला सोमवार. सांगलीतल्या एका वितरकाच्या गोडाऊनमध्ये पाच एचपीचे ४६ सबमर्सिबल पंप आहेत. जतहून एका डीलरचा फोन येतो, "पंधरा नग लागतायत, आज गाडी पाठवू का?" स्टोअरकीपर म्हणतो, "४६ पडलेत, खुशाल द्या." हिशेब सांभाळणारे म्हणतात, "९२ नगांच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात, एकही देऊ नका." दोघांनीही खरे आकडे सांगितले आहेत आणि दोघांचंही उत्तर चुकीचं आहे. आज आठ पंप देता येतात. आठच्या वर एक जरी दिला, तरी आधी दिलेला कुठला तरी शब्द मोडतो. आणि त्या आठांपैकी एखादा अडवून ठेवला, तर विनाकारण गिऱ्हाईक परत जातं.

हा वितरक उदाहरणापुरता उभा केला आहे आणि आकडे सोपे राहावेत असे निवडले आहेत. आठ या उत्तरापर्यंत नेणारा हिशेब मात्र खरा आहे आणि जगभरच्या कारखान्यांत आणि गोडाऊनांत तो रोज होतो. त्याला 'अव्हेलेबल टु प्रॉमिस' म्हणतात, बोलताना नुसतं एटीपी. नव्या गिऱ्हाइकाला आज किती मालाचा आणि कोणत्या तारखेचा शब्द देता येईल, एवढंच तो सांगतो. आधीच्या गिऱ्हाइकांच्या मालाला धक्का लागू द्यायचा नाही आणि त्यांच्यासाठी गरजेपेक्षा एकही नग जास्त अडकवायचा नाही, या दोन्ही अटी त्याला एकाच वेळी पाळायच्या असतात.

सुरुवात ४६ पासून करू. त्यातले चार पंप वॉरंटीत परत आलेले आहेत, वाइंडिंग तपासायचं आहे. दोन शोरूममध्ये उघडे ठेवलेत. हे सहा पुस्तकात स्टॉक म्हणून दिसतात, पण गिऱ्हाइकाला देता येत नाहीत. म्हणून हिशेबात घ्यायचे ४०. ही वजाबाकी इतकी साधी आहे की ती राहून जाते, आणि पुढचं सगळं गणित कितीही अचूक केलं तरी पहिल्याच आकड्यात सहाची खोट राहते.

आता आवक. कारखान्याने दोन गाड्या कबूल केल्या आहेत, तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी ५० आणि सहाव्या आठवड्याच्या सोमवारी ५०. 'कबूल केल्या आहेत' हे महत्त्वाचं. वितरकाने खरेदीची ऑर्डर पाठवली म्हणून आवक धरायची नसते. कारखान्याने तारखेसह होकार दिला की मगच ती हिशेबात येते. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांच्या पक्क्या ऑर्डरी, ज्याला जेव्हा हव्यात त्या आठवड्यात मांडलेल्या. सगळं एका तक्त्यात असं दिसतं:

| आठवडा | आवक | पक्क्या ऑर्डरी | आठवड्याअखेर शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | – | १० | ३० |
| २ | – | १२ | १८ |
| ३ | ५० | १५ | ५३ |
| ४ | – | २० | ३३ |
| ५ | – | २५ | ८ |
| ६ | ५० | १० | ४८ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. शिल्लक घटते, गाडी आली की उसळते, पुन्हा घटते. पाचव्या आठवड्यात ती सर्वांत खाली, म्हणजे आठवर येते. आज जो पंप नव्या गिऱ्हाइकाला जाईल, तो या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यातून एक एक कमी करेल. नऊ पंप गेले तर पाचव्या आठवड्यात उणे एक होईल, म्हणजे त्या आठवड्यात कोणाला तरी एक पंप कमी पडेल. म्हणून नियम असा, की ज्या तारखेला माल द्यायचा त्या तारखेपासून पुढे शिल्लक सर्वांत खाली जिथे जाते, तेवढंच देता येतं. आजसाठी आठ. सहाव्या आठवड्यासाठी ४८, कारण त्या तारखेनंतर वाटेत तो खड्डा लागत नाही.

स्टोअरकीपर आणि हिशेबनीस कुठे चुकले ते आता दिसतं. स्टोअरकीपर ऑर्डरी बघतच नाही. हिशेबनीस सहा आठवड्यांच्या ऑर्डरी एकत्र करतात आणि त्या आजच्या ४० वर लादतात, येणाऱ्या गाड्या सोडून देतात. आणखी एक चूक जरा हुशार माणसं करतात. ती म्हणजे पहिली गाडी येईपर्यंतचाच हिशेब मांडायचा. ४० आहेत, दोन आठवड्यांत २२ जाणार, मग १८ मोकळे, पुढचं गाडी आल्यावर बघू. पण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात गाडी आणते ५० आणि ऑर्डरी आहेत ६०. ते दहा पंप आजच्याच मालातून शिल्लक राहायला हवेत. पाठ्यपुस्तकातली पद्धत इथे दोन पायऱ्यांत जाते. आधी प्रत्येक आवकेसमोर पुढची आवक येईपर्यंतच्या ऑर्डरी वजा करायच्या, त्यातून १८, उणे १० आणि ४० असे आकडे येतात. मग उणे आकडा मागच्या गटातून भरून काढायचा, म्हणजे १८ चे आठ होतात. ही दुसरी पायरी विसरली की संगणकसुद्धा १८ च दाखवतो. आणि फसगत लगेच कळत नाही; पाचव्या आठवड्यात कळते, तेव्हा ते १८ पंप बोअरमध्ये उतरलेले असतात.

काही दुकानांच्या हिशेबात 'निव्वळ उपलब्ध' असा आकडा काढलेला असतो. हातातला माल, अधिक येणारा, वजा द्यायचा. आपल्या उदाहरणात ४० अधिक १०० वजा ९२, म्हणजे ४८. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, पण त्या आकड्यात तारीखच नाही. तो खरेदी ठरवायला कामाचा आहे. फोनवर गिऱ्हाइकाला शब्द द्यायला नाही. आजच्या आठाला ४८ समजून विकणारा माणूस दोन आठवडे छान धंदा करेल.

आता जतच्या डीलरकडे वळू. त्याला पंधरा हवेत. सरळ उत्तर असं, की आठ आज, सात सहाव्या आठवड्यात. पण तक्ता आणखी एक गोष्ट सुचवतो. अडचण पाचव्या आठवड्यात आहे आणि त्या आठवड्यात तासगावच्या एका डीलरची २५ नगांची ऑर्डर आहे. एप्रिलात द्राक्षबागांची खरड छाटणी येते, त्या सुमारास त्याला माल हवा आहे. पण सगळे २५ एकाच दिवशी विकले जाणार आहेत असं नाही. त्याला फोन करून विचारलं, "दहा नग आठवडाभर उशिरा, पुढच्या गाडीचे पाठवले तर चालतील का?" आणि तो हो म्हणाला, तर पाचव्या आठवड्याची शिल्लक आठवरून १८ वर जाते. दुसऱ्या आठवड्यातही १८ च आहे. म्हणजे आज १८ मोकळे झाले आणि जतचे पंधरा आजच निघू शकतात. बारा गिऱ्हाइकांना फोन फिरवण्याऐवजी नेमका कोणाला करायचा ते या हिशेबातून कळतं. माझ्या मते त्याचा हा उपयोग सर्वांत मोठा आहे, आणि तो सर्वांत कमी केला जातो.

राखीव ठेवणं म्हणजे काय, याबद्दलचा गैरसमज इथेच आहे. सहाव्या आठवड्यासाठी कोणी पंधरा पंपांची नवी ऑर्डर दिली, तर कित्येक गोडाऊनांत काय होतं? पंधरा खोकी कोपऱ्यात सरकतात, त्यांवर खडूने पार्टीचं नाव पडतं. गिऱ्हाईक खूष होतं, मालकालाही आपण शब्दाचे पक्के असल्याचं समाधान मिळतं. पण ते पंधरा पंप पाच आठवडे नुसते बसून राहतात. तक्त्यात ही ऑर्डर मांडून बघा. सहाव्या आठवड्याची शिल्लक ४८ वरून ३३ होते, पाचव्याची आठ ती आठच राहते. म्हणजे आजच्या विक्रीला या ऑर्डरीने हातही लागत नाही. तिला माल पुरवणारी गाडी अजून कारखान्यातून निघालेलीही नाही. मंगल कार्यालयात डिसेंबरचा मुहूर्त कोणी ठरवला म्हणून उद्याच्या साखरपुड्याला हॉल बंद ठेवत नाहीत. वहीत त्या तारखेसमोर नाव लिहितात, एवढंच.

म्हणून या कामात राखीव ठेवण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवतात. पहिला आकड्यातला. ऑर्डर पक्की झाली की तिची संख्या आणि तारीख तक्त्यात बसते, पण कुठलाही विशिष्ट पंप तिचा होत नाही. दुसरा प्रत्यक्षातला. माल काढायची चिठ्ठी निघते, हमाल खोकी उतरवतो, सीरियल नंबर चलनावर चढतो, आणि त्या क्षणापासून तो पंप त्या पार्टीचा. पहिला प्रकार ऑर्डर घेतानाच करायचा, दुसरा शक्य तितका उशिरा, साधारण गाडी भरायच्या आदल्या दिवशी. या दोन्हींच्या मधल्या काळात माल मोकळा राहतो आणि शब्दही सुरक्षित राहतो. कारण सारखे पंप एकमेकांच्या जागी चालतात. तासगावला हा गेला काय नि तो गेला काय.

जिथे चालत नाहीत तिथे नियम बदलतो. फरशीच्या खोक्यांवर शेडचा नंबर असतो. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा किंचित फरक पडतो आणि तो हॉलच्या मध्यभागी उठून दिसतो. रंगवलेल्या कापडाच्या लॉटचंही तसंच. अशा मालात 'ऐंशी खोकी आहेत' या वाक्याला अर्थ नाही. एका शेडची पन्नास आणि दुसरीची तीस असतील, तर साठ खोक्यांची ऑर्डर घेता येत नाही. तिथे ऑर्डर घेतानाच विशिष्ट लॉट बांधून ठेवावा लागतो आणि तेवढी विक्री अडते हे मान्य करावं लागतं. मात्र पंपांसाठी ही पद्धत वापरणं म्हणजे नसलेला आजार अंगावर घेणं.

तक्ता एकदा करून भिंतीला लावण्याची गोष्ट नाही. समजा कारखान्यातून फोन आला, तिसऱ्या आठवड्याची गाडी एक आठवडा उशिरा येणार. पुन्हा मांडू. दुसऱ्या आठवड्याअखेर १८, तिसऱ्यात १५ गेले की तीन उरतात. चौथ्यात ५० येतात, २० जातात, ३३. पाचव्यात पुन्हा आठ. सर्वांत खोल जागा आता तिसरा आठवडा झाली आणि आज विकता येणारे आठचे तीन झाले. कोणाचाही शब्द मोडलेला नाही, फक्त काउंटरवरची सैल जागा आवळली गेली. पण उशीर दोन आठवड्यांचा असेल, तर चौथ्या आठवड्यात हातात तीन असतील आणि द्यायचे असतील वीस. सतरा कमी. गोडाऊनमध्ये आज पंपांच्या थप्प्या दिसत असल्या, तरी ही ऑर्डर आजच मोडलेली आहे. फरक इतकाच, की आज कळलं तर गिऱ्हाइकाला तीन आठवडे आधी सांगता येतं. तोही आपल्या बोअरवाल्याला पुढची तारीख देतो. चौथ्या आठवड्यात कळलं तर रिग शेतात उभी असते आणि पंप नसतो.

शिल्लक पुढे कुठेही उणे दिसू लागली, तर कुठलीतरी कबुली खोटी ठरणार आहे हे नक्की. हे रोज सकाळी बघायचं असतं. ज्या दुकानांत उणे आकडा दिसू नये म्हणून संगणकातच त्याचा शून्य करून दाखवतात, तिथे ही एकमेव धोक्याची खूण पुसली जाते.

उलट दिशेची बिघाडी अधिक चिवट असते, कारण तिची तक्रार कोणी करत नाही. माल आहे, विकत घेणारा आहे, पण संगणक 'राखीव' म्हणतो. कोणासाठी राखीव? शोधायला गेलं की बहुतेकदा कोटेशन सापडतं. गिऱ्हाइकाने भाव विचारला, सेल्समनने 'नंतर गोंधळ नको' म्हणून ते ऑर्डर म्हणूनच नोंदवलं, गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घेतला, नोंद तशीच राहिली. किंवा २५ पैकी २३ नग गेले, उरलेले दोन कोणालाच नकोत, तरी ऑर्डर उघडीच आहे. अशा मेलेल्या नोंदी ओळखायची सोपी चाळण म्हणजे ज्यांची देण्याची तारीख उलटून गेली आहे आणि माल निघालेला नाही, अशा सगळ्या ऑर्डरींची यादी. त्यातली प्रत्येक ऑर्डर एक तर आपण मोडलेला शब्द असते, नाही तर गिऱ्हाइकाने सोडून दिलेली मागणी. दोन्हीकडे फोन करावाच लागतो.

कोटेशनचा प्रश्न सोडवायला मधला मार्ग असतो, तात्पुरता राखीव माल, पण मुदतीचा. दोन दिवस, फार तर तीन. आगाऊ रक्कम आली तर पक्का, नाही तर आपोआप मोकळा. 'आपोआप' हा शब्द महत्त्वाचा. मोकळं करायचं काम माणसाच्या आठवणीवर सोडलं, की ते होत नाही, कारण ते न केल्याने कोणाचंच त्या दिवशी नुकसान होत नसतं. ऑनलाइन दुकानांत हीच मुदत मिनिटांत मोजतात. बास्केटमध्ये टाकलेला माल सहसा कोणासाठी अडवत नाहीत. पैसे भरायच्या पानावर गेल्यावर काही मिनिटं धरून ठेवतात आणि व्यवहार अर्धवट राहिला तर सोडून देतात.

संगणकाच्या बाबतीत एक तांत्रिक खाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. सांगलीच्या ऑफिसात आणि मिरजेच्या काउंटरवर दोघांनी एकाच वेळी बघितलं, दोघांना आठ दिसले, दोघांनी आठ-आठ विकले. दोघांचीही चूक नाही. बघणं आणि अडवणं यांत अर्धा मिनिट गेला, तेवढा पुरला. म्हणून चांगल्या प्रणालीत 'आठ आहेत का' आणि 'आठ माझे' हे दोन प्रश्न एकत्र, एकाच झटक्यात सोडवले जातात. पहिल्याची नोंद पुरी होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं आणि मग त्याला शून्य दिसतं. स्क्रीनवर आकडा दिसला म्हणजे माल मिळाला असं नाही, हे काउंटरवरच्या मुलांना सांगून ठेवावं लागतं. कबुली मिळाली तरच गिऱ्हाइकाला हो म्हणायचं.

खरोखरच माल कमी पडला, वरच्या उदाहरणातले सतरा, तर कोणाचे कापायचे? गणित इथे गप्प बसतं. नुसतं आधी येईल त्याला आधी असं ठेवलं, तर सहा महिने आधी ऑर्डर लावणारा मोठा डीलर सगळं घेऊन जातो आणि विहीर आटलेला शेतकरी काउंटरवरून परत जातो. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ऑर्डरींचे गट करायची सोय असते. एसएपीच्या एका आवृत्तीत असे पाच गट आहेत. काही ऑर्डरी कुठल्याही परिस्थितीत पूर्ण आणि वेळेवर झाल्याच पाहिजेत, काहींना मिळालेलं टिकलं पाहिजे आणि जमलं तर वाढलं पाहिजे, काही हलवता येतात, काहींना वाढवून द्यायचं नाही, आणि शेवटच्या गटाकडून दुसऱ्यांसाठी काढून घ्यायचं. वितरकाच्या डोक्यात हे गट आधीपासून असतातच. ते कागदावर आणले, तर कापाकापी करताना ज्याचा आवाज मोठा त्याचा पंप असं होत नाही. दुसरा उपाय म्हणजे हंगामात काउंटरसाठी ठराविक नग वेगळे धरायचे. त्या कोट्याला मात्र तारीख लावावी. आठवडा संपला आणि विकले गेले नाहीत, तर ते आपोआप सर्वांसाठी खुले. नाही तर तोही कोपऱ्यातल्या खडूच्या खोक्यांसारखाच अडून बसतो.

या हिशेबाला पुढच्या बाजूने एक शेवट असतो. कारखाना कधीही नवी ऑर्डर घेऊन आठ आठवड्यांत माल देतो हे ठरलेलं असेल, तर दहा आठवड्यांनंतरच्या मागणीसाठी आजचा तक्ता बघायचं कारण नाही. तेवढ्या वेळात नवा माल मागवता येतो. एवढंच, की तो त्या दिवशीच मागवावा लागतो. तक्त्याची राखण आठ आठवड्यांच्या आतच करायची.

आणि आत, सेल्समनवरही जरा लक्ष ठेवावं लागतं. मार्चच्या आधी टंचाई येणार हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत असतं. मग फेब्रुवारीत अचानक मोठ्या ऑर्डरी येऊ लागतात, सगळ्या एकाच तारखेच्या, गोल आकड्यांच्या, आगाऊ रक्कम नसलेल्या. आपल्या पार्टीला माल मिळावा म्हणून आधीच जागा धरून ठेवलेली असते. पार्टीला त्याचा पत्ताही नसतो. पकडायचं असेल तर प्रत्येक सेल्समनच्या किती ऑर्डरी देण्याच्या तारखेआधी शेवटच्या आठवड्यात रद्द होतात किंवा पुढे ढकलल्या जातात ते मोजावं. ज्याचा आकडा इतरांच्या कितीतरी वर असेल, त्याच्या पार्ट्यांना मालकाने स्वतः फोन करून विचारावं, "साहेब, तुमचे वीस पंप तयार आहेत, गाडी कधी पाठवताय?"